सुगिया आजीच्या गाण्यांचं प्रूफ

माझ्या हातून शुद्धलेखनाची चूक सुटत नाही, असं मी अठ्ठ्याण्णव साली सातपुरात सगळ्यांना सांगत फिरायचे. भिमाजीशेठच्या प्रेसमध्ये मी कॉम्प्युटरवर कंपोजिंग करायचे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, हिंदी शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं माझ्या हाताखालून जायचं. गिऱ्हाइकाने चुकीचं लिहून आणलं तर मी न विचारता दुरुस्त करायचे आणि वर त्याला चार शब्द सुनवायचेही. मराठीचं सोडाच, हिंदीच्या परीक्षा मी थेट पंडितपर्यंत दिल्या होत्या. असं माणूस आपल्याला मिळालं म्हणून शेठने रोज देवाला हात जोडावेत, असं माझं प्रामाणिक मत होतं. शेठचं मत वेगळं असावं, पण ते बोलून दाखवत नसत.

दिवाळीला महिना असताना बिंदेसरी मास्तर एक वही घेऊन आले. मास्तर मूळचे उत्तर प्रदेशातल्या बलियाचे. सदतीस वर्षं नाशकात हिंदी शिकवून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा सदरा घालणारे आणि मराठी बोलताना प्रत्येक शब्दापाशी थांबून खात्री करून घेणारे. वहीत सत्तावीस भोजपुरी गाणी होती. लग्नाची, बाळंतपणाची, जात्यावरची. दिवाळीनंतरच्या छठपूजेला गोदावरीवर जमणाऱ्या आपल्या लोकांना वाटायला त्यांना एक पुस्तिका छापायची होती.

गाणी होती सुगिया देवी नावाच्या म्हातारीची. ती बिहारच्या सिवान जिल्ह्यातली. नवरा गेल्यावर अशोकनगरच्या चाळीत मुलाकडे येऊन राहिलेली. तिच्या गळ्यात गाठ होती. दिवाळी झाल्यावर मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, पण आवाज परत येणार नाही. सून कंपनीत पॅकिंगला जायची, तिला यातलं एकही गाणं येत नव्हतं. उरली नात बबिता, नववीतली. म्हातारीचं एकच म्हणणं होतं. सासूकडून आपल्याकडे आलेलं गाणं आपल्यापाशी संपू नये, बबिताच्या तोंडी राहावं. पण डॉक्टरांनी बोलणंही कमी करायला सांगितलेलं, आवाज बसलेला, त्यात सत्तावीस गाणी महिन्याभरात पोरीच्या गळ्यात उतरणार कशी? म्हणून कागद.

मी मास्तरांना म्हटलं, मग टेप करा की, सरळ काम आहे. मास्तर म्हणाले की विचारलं होतं. पण नाक्यावरच्या कॅसेटच्या दुकानात भोजपुरी गाण्यांच्या नावाखाली काय काय वाजतं ते म्हातारी रोज ऐकत होती. आणि ही गाणी बायकांनी बायकांत गायची. आपला आवाज कुठल्या टपरीवर चारचौघांत वाजेल, हे तिला नको होतं. कागद चालेल, कागद काही चव्हाट्यावर बोलत नाही, असं ती म्हणाली होती.

वही उघडली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिंदीच्या मास्तरांची वही, आणि एका ओळीत ‘शहर’ तर पुढच्या ओळीत ‘सहर’. कुठे ‘यमुना’, कुठे ‘जमुना’. कुठे ‘भैया’, कुठे ‘भइया’. म्हातारी सांगत गेली आणि मास्तरांचा हात कधी कानाचं ऐकत होता, कधी शाळेचं. मी मनात म्हटलं, मास्तरांचं वय झालंय, चालायचंच. तीन दिवसांत मी सत्तावीस गाणी टाइप केली आणि करता करता धुऊन काढली. सगळीकडे शहर, सगळीकडे वन, सगळीकडे यमुना आणि गणेश. कुठे कुठे एखाद्या शब्दाच्या शेवटी मास्तरांनी ‘ऽ’ असं चिन्ह काढलेलं होतं, ते मी पेनाचा फटकारा समजून गाळलं.

मास्तरांनी प्रूफ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा, बहुत शुद्ध,” म्हणाले. आता हे कोणीही उचलून वाचलं तरी आपल्या लोकांना अडाणी म्हणणार नाही, असंही म्हणाले. मी खुशीत होते. त्याच खुशीत दुसऱ्या दिवशी प्रूफ घेऊन त्यांच्याबरोबर अशोकनगरला गेले. शेठला सांगितलं, गिऱ्हाइकाचं काम आहे.

दहा बाय बाराची खोली. सुगिया आजी खाटेवर बसलेली, गळ्याभोवती सुती पदर घट्ट गुंडाळलेला. मला बघून “आवऽ बबुनी”, ये पोरी, म्हणाली, तेही घोगऱ्या आवाजात, विहिरीच्या तळातून आल्यासारखं. मग तिने बबिताला खूण केली. बबिताने प्रूफ हातात घेतलं, लाजत घसा साफ केला आणि म्हणायला लागली. आजी मांडीवर हाताने ठेका धरत होती.

पहिल्या दोन ओळींतच तिचा हात चुकायला लागला. बबिताचा सूर बरा होता, पण ओळ कुठे आखूड पडायची, कुठे अडखळायची. आजी ‘भ-इ-या’ असा तीन ठोक्यांचा शब्द धरून बसलेली, आणि पोरगी ‘भैया’ म्हणून दोन ठोक्यांत मोकळी. जात्याची फेरी अर्ध्यावर थांबावी तसं सारखं व्हायला लागलं. तिसऱ्या गाण्याला आजीने हात मांडीवरून उचलला आणि पदरात घेतला.

“ई के गावत बा?” तिने विचारलं. हे कोण गातंय?

बबिता म्हणाली, “ईया, तुझंच आहे ना.” आजीला ती ईया म्हणायची, बाकी घरात निम्मं मराठीच बोलायची.

आजीने मान हलवली. हे रेडिओवरच्या बाईचं आहे, असं ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, मला रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. ती नुसती भिंतीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली की अजून तीन-चार आठवडे आहेत, जमलं तर बघा.

बाहेर आल्यावर मी मास्तरांवर घसरले. म्हटलं, तुम्ही तर वा म्हणालात. तुमची भाषा, तुमच्या गावची गाणी, आणि तुम्हाला कळलं नाही? मास्तर चाळीच्या नळापाशी उभे राहिले. म्हणाले, कळलं होतं. पहिल्या पानापासून कळलं होतं. पण सदतीस वर्षं ज्या पोरांनी ‘सहर’ लिहिलं त्यांच्या वहीवर लाल रेघ मारली. हातावर पट्टीही मारली. ती पोरं आता मोठी झाली, छठला घाटावर येतात, वाकून नमस्कार करतात. त्यांच्या हातात मी स्वतःच्या नावाने ‘सहर’ छापून कसा देऊ?

मला एकदम माझा नामपूरचा वर्ग आठवला. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. दुसरीत बाईंनी विचारलं, पुस्तक कुठे आहे? मी उभं राहून सांगितलं, “घरमा शे.” अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. त्या दिवसापासून मी जी शुद्ध झाले ती झालेच. आईशी बोलतानासुद्धा ‘आहे’ म्हणायला लागले आणि आई माझ्याशी जपून बोलायला लागली. हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. नळापाशी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले की उद्या चार वाजता येऊ, आणि लिहिणार मी नाही, बबिता लिहील.

त्यानंतर आम्ही जवळजवळ रोज गेलो. शेठ कुरकुरले, तेव्हा मी सकाळी आठला येऊन काम उरकायला लागले. पद्धत अशी बसली. आजी एक ओळ अर्धी बोलून, अर्धी गुणगुणून सांगायची आणि ठेका मांडीवर दाखवायची. बबिता आपल्या वहीत कानाला आलं तसं लिहायची. मग तीच ओळ बबिता कागदावरून म्हणायची. आजीचा हात अडला नाही तर ओळ पक्की. मास्तरांनी आणि मी फक्त बघायचं आणि वाद घालायचा.

वाद पुष्कळ झाले. पहिला ‘श’चा. आजीच्या तोंडात ‘श’ नव्हताच, सगळीकडे ‘स’. मास्तरांनी डोळे मिटून तो सोडला. ‘ण’च्या जागी ‘न’, तोही गेला. यमुनेची जमुना झाली, वनाचं बन झालं. ‘ऐ’ आणि ‘औ’ जिथे तोडून म्हटले जात होते तिथे तोडूनच लिहायचे ठरले, भइया, अउर, चइत. ‘का, की’ नीट करायची मला फार सवय, पण आजी बापाच्या घराला आणि बापाच्या गायीला एकच ‘के’ लावायची. ते तसंच ठेवायचं ठरलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मी पेनाचा फटकारा समजलेल्या चिन्हावर. हिंदीत ‘चल’ लिहिलं की शेवटचा ‘ल’ तुटका येतो. आजी ‘चलऽ’ म्हणायची तेव्हा तो ‘ल’ पूर्ण उमटून वर हवेत जरा तरंगायचा. डोली वाहणाऱ्या कहारांना, भावाला, देवाला, ज्याला कोणाला आर्जवाने काही करायला सांगायचं, त्या शब्दांना असा शेपटा असायचा. आपण मराठीत गोष्टी लिहिताना ‘अगंऽ’ लिहितो तेच चिन्ह. प्रेसच्या फॉन्टमध्ये ते कुठल्या कळीवर आहे हे शोधायला मला कळफलकाचा जुना तक्ता काढावा लागला. तीन वर्षांत मी ती कळ एकदाही दाबली नव्हती.

मास्तर मधूनच हट्टाला यायचे. बलियात आम्ही हा शब्द असा म्हणतो, तसा लिहू, म्हणायचे. बबिता त्यांना सांगायची, गुरुजी, ईया तसं म्हणत नाही. पहिल्या दिवशी ती हे घाबरत म्हणाली होती. आठव्या दिवशी मान वर न करताच म्हणत होती.

आणि मी? मी पूर्वी जितकी शुद्ध होते, तितकीच आता उलट्या बाजूने कडवी झाले. माझा स्वभावच तसा, धरलं की टोकापर्यंत. एका दुपारी प्रेसमध्ये बसून मी ठरवलं की पुस्तिकेत हिंदीचा वासही ठेवायचा नाही. कॉम्प्युटरला एक अक्षर सांगितलं की तो सगळ्या पानांवरून ते बदलून देतो. ते केलंच, शिवाय एक एक ओळ बघून जे जे हिंदी दिसलं ते भोजपुरी केलं. इतक्या दिवसांत मला शब्द कळायला लागले होते, त्याची मिजास होती.

एका गाण्यात बाई नवऱ्याच्या मागे नाशिकला निघते. ‘पिया मोर गइलें नासिक सहरवा, सून भइल अँगना दुअरवा हो राम.’ नवरा नाशिक शहरी गेला, अंगण-दार सुनं पडलं. म्हातारीने ते स्वतः रचलं होतं की कुठलं जुनं गाणं फिरवून घेतलं होतं, ते तिलाही आठवत नव्हतं. पुढे स्टेशनावर तिकिटाचा बाबू तिला अडवतो. बबिताच्या वहीत होतं, ‘टीसन पर बाबू पूछे, कहाँ जाओगी जी.’ मी मनात म्हटलं, ही बघा मास्तरांची हिंदी घुसली. मी ते करून टाकलं, ‘कहाँ जइबू जी’. ‘जइबू’ म्हणजे तू जाशील, बाईला उद्देशून. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी अशोकनगरला गेलो. ऑपरेशनला आठ दिवस उरले होते आणि आजीचा आवाज आता जेमतेम कुजबुजीएवढा होता. बबिता ते गाणं म्हणायला लागली. बाबूची ओळ आली आणि आजीचा हात थांबला. ठेका चुकला नव्हता, तरी थांबला. तिने बबिताला ती ओळ परत म्हणायला लावली. मग मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी माझ्याकडे.

मी पुढे होऊन, मोडक्या भोजपुरीत आणि बऱ्याच हिंदीत, सांगितलं की आजी, ते हिंदी होतं, मी ते तुमच्या बोलीत केलं. तुमचं सगळं तुमच्यासारखं असावं म्हणून.

आजी एक एक शब्द ढकलत म्हणाली, “बाबू हमार बोली बोलितें, त हम डेरइतीं काहे?”

बाबू माझी बोली बोलला असता, तर मी घाबरले असते कशाला?

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बबिता खाली बघत होती. आजी मग तुकड्यातुकड्याने सांगत राहिली. नवरा नाशकात कामाला होता तेव्हा ती पहिल्यांदा एकटी गाडीने त्याच्याकडे आली, कडेवर बबिताचा बाप होता. मनमाडला गाडी बदलायची होती. काळ्या कोटातला माणूस समोर उभा राहून काहीतरी विचारत होता आणि तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्याचं बोलणं तिने नुसतं कानात धरून ठेवलं, पुढे अर्थ कळला. म्हणून गाण्यात तो बाबू त्याच्या बोलीत बोलतो आणि ती तिच्या. तो जर ‘जइबू’ म्हणायला लागला तर तो बाबू कुठला, मग तो दीर झाला.

मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचाच. पहिल्या वेळी मी तिचे शब्द काढून घेतले, आणि दुसऱ्या वेळी तिच्या भल्यासाठी तिची भीती काढून घेतली. दोन्ही वेळा तिला विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की आजी, चुकले, परत आहे तसं करते. ती म्हणाली, करऽ.

पुढच्या तीन दिवसांत मी जुन्या फाइलला हात न लावता बबिताची वही समोर ठेवून सत्तावीसच्या सत्तावीस गाणी पहिल्यापासून टाइप केली. हाताला सारखी सवय आडवी यायची. तेवीस गाणी आजीसमोर म्हणून पक्की झाली. चार राहिली. तेवढ्यात ते लोक मुंबईला गेले.

छठ आली आणि गेली. पुस्तिका छापली नाही. घाटावर कोणी कोणी विचारलं, मास्तरांनी सांगितलं की काम अजून व्हायचंय. ज्यांच्या हातावर त्यांनी पट्टी मारली होती त्यातल्या एकाला ते तिथेच म्हणाले की तू ‘सहर’ लिहायचास ना, मला तुझ्याकडून दोन गाणी तपासून घ्यायची आहेत. तो पार गोंधळून गेला, असं मास्तर मला हसत सांगत होते. मी त्यांना एवढं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

डिसेंबरात आजी परत आली. आम्ही उरलेल्या चार गाण्यांचं प्रूफ घेऊन गेलो. ती खाटेवर तशीच बसली होती, पण गळ्यापुढे पातळ कापड बांधलेलं, आणि श्वास तिथून ये-जा करताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. मला बघून तिचे ओठ हलले. ‘आवऽ बबुनी’ असणार. ऐकू काहीच आलं नाही. मी तिच्या पायाशी बसले आणि प्रूफ बबिताच्या हातात दिलं.

बबिताने तीन गाणी म्हटली. आजीचा हात मांडीवर पडत राहिला. चौथं पाठवणीचं होतं. नवरी डोलीतून कहाराला विनवते, जरा थांबत चल, माझी आई दारात उभी राहून बघतेय. मी माझ्याजवळच्या प्रतीवर बोट ठेवून ओळ न ओळ बघत होते, आणि दुसऱ्याच ओळीला माझं बोट थांबलं. छापलं होतं, ‘तनी रुकि के चल हो कहार, मोर माई निहारे दुआर.’ ‘चल’. तो शेपटा नव्हता. माझ्याच हातून गळला होता. आता हे पोरगी वाचणार, ओळ पडणार, म्हातारीचा हात अडणार, आणि आता ती कसं म्हणायचं ते सांगूही शकणार नाही.

बबिता त्या शब्दावर आली. आजीचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

“तनी रुकि के चलऽ...” बबिताने तो ‘ल’ सोडलाच नाही. तो खोलीत तरंगत राहिला, जितका राहायला हवा तितका, आणि मग ती ‘हो कहार’ वर उतरली तेव्हा आजीचा हात मांडीवर आला.

मी बघितलं. पोरीच्या हातातला कागद केव्हाच गुडघ्यावर पडला होता. तिचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपल्यावर मी मास्तरांना चूक दाखवली. त्यांनी पेन्सिल काढली, पण खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही ही आमची पद्धत. ते आजीकडे वळले आणि सवयीने विचारलं की हा शब्द कसा लिहायचा, चल की चलऽ.

आजीने मान हलवली. गळ्यापुढचं कापड नीट केलं. मग बोट उचलून बबिताकडे केलं, आणि तिला विचारा, असं खुणेनेच सांगितलं.